अहवालातून ब्रँडचे शोध वेगळे काढल्यावर नवे ग्राहक किती उरतात? (हापूसच्या हंगामाचा हिशेब)

सिंधुदुर्गकन्या

आमच्या कुटुंबाची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे आणि गेली काही वर्षे आम्ही मार्च ते मे या काळात स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट घरपोच पेट्या पाठवतो. गूगलवरील जाहिरातींचे काम एका एजन्सीकडे आहे. एप्रिलच्या अहवालात त्यांनी असे दाखवले आहे की जाहिरातींवर 3 लाख रुपये खर्च झाले, त्यातून 1,050 ऑर्डर आल्या आणि विक्री 21 लाखांची झाली, म्हणजे खर्चाच्या सातपट. एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च 286 रुपये पडतो. या आकड्यांच्या आधारे त्यांचा आग्रह आहे की पुढच्या हंगामात खर्च दुप्पट करावा, आणि घरातील ज्येष्ठही त्याला अनुकूल आहेत.

मला मात्र हा आकडा एकत्र पाहून निर्णय घेणे पटत नाही. आमचे जुने ग्राहक संकेतस्थळाचा पत्ता लक्षात ठेवत नाहीत. ते गूगलवर आमचे नाव टाकतात, सर्वांत वर आमचीच जाहिरात दिसते आणि तिच्यावरच क्लिक करून पेटी मागवतात. शिवाय पाडव्याच्या सुमारास आम्ही सर्व जुन्या ग्राहकांना पहिल्या पेट्यांचा व्हॉट्सअॅप संदेश पाठवतो आणि त्या आठवड्यात आमच्या नावाचे शोध एकदम वाढतात. म्हणजे ऑर्डर संदेशामुळे येते आणि श्रेय जाहिरातीला मिळते.

नावाने आलेले आणि नाव माहीत नसताना आलेले शोध अहवालात वेगळे कसे करावेत? जाहिराती आणि सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात दिसणारे शोधातले विनामूल्य क्लिक अशा दोन्हींबद्दल मला मार्गदर्शन हवे आहे. व्यवसायाचे खरे नाव येथे देत नाही. उदाहरणापुरते ते ‘तांबडमळा’ आहे असे समजावे.

रोखठोक_पुणे

ताई, उत्तर सोपे आहे. स्वतःच्या नावावरची जाहिरात आजच बंद करा. ईबे या कंपनीने 2012 साली हेच करून पाहिले होते. त्यांनी याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधसेवांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवल्या, गूगलवर तुलनेसाठी चालू ठेवल्या आणि असे आढळले की थांबवलेल्या जाहिरातींवरचे 99.5 टक्के क्लिक लगेच खालच्या विनामूल्य दुव्यांवरून परत आले. ज्याला तुमचे नाव माहीत आहे तो तुम्हाला शोधून काढतोच. नावाची जाहिरात म्हणजे आपल्याच ग्राहकाला आपल्याच दारात आणण्यासाठी दिलेली दलाली आहे.

आकडेमोड

रोखठोक यांनी सांगितलेला प्रयोग खरा आहे आणि तो या विषयात वाचलाच पाहिजे. परंतु ईबे हे तेव्हा अमेरिकेत घराघरात माहीत असलेले नाव होते. देवगडच्या एका बागेचे नाव शोधल्यावर वर दुसऱ्या आंबाविक्रेत्याची किंवा एखाद्या मोठ्या बाजारपेठ संकेतस्थळाची जाहिरात येत असेल, तर परिणाम तसाच येईल असे गृहीत धरता येणार नाही. बंद करण्याचा प्रश्न नंतरचा आहे. आधी मोजमाप वेगळे करावे, कारण आज आपल्या हातात जो सातपटीचा आकडा आहे त्यावरून कोणताच निर्णय घेता येत नाही.

जाहिरातींच्या बाजूने सुरुवात करा, कारण तेथे विभागणी पक्की करता येते. नावाच्या शोधांसाठी स्वतंत्र कॅम्पेन असावे आणि बाकीच्या सर्व कॅम्पेनमध्ये आपले नाव निगेटिव्ह कीवर्ड म्हणून घालावे, म्हणजे त्या नावाच्या शोधावर त्या जाहिराती दिसणार नाहीत. येथे एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते: निगेटिव्ह कीवर्ड रोमन लिपीत घातला म्हणून देवनागरीतील शोध अडेल असे धरून चालू नये. दोन्ही लिपींत, जोडून आणि तोडून, अशी सर्व रूपे घालावीत.

त्यानंतर एजन्सीला विचारा की परफॉर्मन्स मॅक्स प्रकारचे, म्हणजे जाहिरात कोठे आणि कोणत्या शोधावर दाखवायची हे गूगलवरच सोपवणारे, कॅम्पेन चालू आहे का. असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ब्रँड एक्सक्लूजन, म्हणजे आपल्या नावाचे शोध वगळण्याची सोय, लावले आहे का, हे स्वतः पडद्यावर पाहून घ्या. ते लावलेले नसेल तर हे कॅम्पेन नावाचे शोध सहज ओढून घेते, आणि मग “नवे ग्राहक आणणारे सर्वांत यशस्वी कॅम्पेन” म्हणून अहवालात तेच झळकते. लहान व्यवसायाचे नाव गूगलच्या ब्रँडयादीत आधीपासून नसते. ते समाविष्ट करण्याची विनंती करावी लागते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम फेब्रुवारीपूर्वीच उरकावे.

कोल्हापूरकर

माझे मिक्सर, गिझर आणि पंख्यांचे दुकान आहे. माझ्या अहवालात जवळजवळ सगळेच शोध ब्रँडचे आहेत, कारण गिऱ्हाईक कंपनीचे आणि मॉडेलचे नाव टाकूनच येते. या धाग्याप्रमाणे ते सगळे बाजूला काढले तर माझ्याकडे शून्य उरेल. मग माझ्याकडे नवे गिऱ्हाईक येतच नाही असे समजायचे काय?

आकडेमोड

कोल्हापूरकर, तसे मुळीच नाही. येथे प्रश्न ग्राहकाला *आपल्या दुकानाचे* नाव आधीपासून माहीत होते का, एवढाच आहे. मिक्सरच्या कंपनीचे नाव टाकणारा माणूस अजून दुकान निवडत असतो. तो कोल्हापुरातल्या कोणत्याही दुकानात जाऊ शकतो. आपल्या हिशेबात तो अनोळखी ग्राहकच आहे. आपल्या दुकानाच्या पाटीवर जे नाव आहे तेवढेच ब्रँडच्या यादीत घ्या. अडचण तेव्हा येते, जेव्हा एखादे दुकान एकाच कंपनीचे अधिकृत विक्रेते असते आणि पाटीवर दोन्ही नावे असतात; अशा दुकानाने “कंपनीचे नाव अधिक शोरूम अधिक गाव” हा तिसरा गट ठेवावा आणि तो कोणत्याही बाजूला मिसळू नये.

सिंधुदुर्गकन्या

एजन्सीकडून कॅम्पेननिहाय आकडे मागवले आहेत, ते आले की येथे देते. दरम्यान सर्च कन्सोलमध्ये स्वतः बसून पाहिले. एजन्सी तेथे शोधशब्दाच्या गाळणीत हा रेजेक्स, म्हणजे शब्द जुळवण्याचा नमुना, वापरते:

```
\b(tambadmala|तांबडमळा|devgad|देवगड)\b
```

याप्रमाणे एप्रिलमध्ये ब्रँडचे क्लिक 4,100 आणि ब्रँडखेरीज 1,900 दिसतात. दोन प्रश्न आहेत. पहिला असा की ब्रँडखेरीजच्या यादीत ‘तांबडमळा आंबा’ आणि ‘तांबडमळ्याचे हापूस’ हे शोध स्पष्ट दिसत आहेत, जे तेथे असायला नकोत. दुसरा असा की गाळणी न लावता एकूण क्लिक 9,000 दिसतात, परंतु 4,100 आणि 1,900 मिळून 6,000 होतात. उरलेले 3,000 क्लिक कोठे गेले?

आकडेमोड

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण यात एकाच ओळीत तीन दोष आहेत आणि तिन्ही मराठी व्यवसायांच्या अहवालांत वारंवार आढळतात.

सर्च कन्सोल रेजेक्ससाठी आरई2 ही पद्धत वापरते. तिच्यात `\b` ही खूण शब्दाची सीमा दाखवते खरी, परंतु केवळ इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेखा यांच्यापुरती. देवनागरी अक्षरे तिच्या लेखी शब्दाचा भागच नाहीत. ओळीच्या सुरुवातीला ‘त’ आला किंवा मोकळ्या जागेनंतर ‘त’ आला, तरी तिला तेथे सीमा दिसत नाही आणि जुळणी होत नाही. म्हणजे वरच्या ओळीतील दोन्ही देवनागरी शब्द लिहिलेले असूनही निकामी आहेत. हे ओळखण्याची खूण आपल्याला सापडलीच आहे: ब्रँडखेरीजच्या यादीत स्वतःचे नाव देवनागरीत दिसते.

दुसरा दोष विभक्तीचा. मराठीत नावाला प्रत्यय चिकटतो आणि नावाचे रूपही बदलते. ‘मळा’ असे पूर्ण नाव शोधणारी गाळणी ‘मळ्याचे’, ‘मळ्यातला’ ही रूपे सोडून देते. म्हणून नाव शेवटपर्यंत न लिहिता ‘मळ’ येथेच थांबवावे. लोक बोलून शोधतात तेव्हा गूगल कधी ‘तांबडा मळा’ असे तोडून लिहिते, कधी ‘माळा’, तर कधी ‘मला’. ही सगळी रूपे पकडण्यासाठी मी असे लिहीन:

```
ta+mb?a?da? ?mal|तां?बडा? ?मा?[ळल]
```

ही गाळणी लावल्यावर सापडलेली यादी एकदा वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घालावी, कारण सैल गाळणीत एखादा असंबंधित शोध शिरू शकतो. तसा सापडला तर गाळणी घट्ट करावी.

तिसरा दोष सर्वांत महागात पडणारा आहे. ‘देवगड’ हे आपल्या व्यवसायाचे नाव नाही. ‘देवगड हापूस’ शोधणारा माणूस चांगला आंबा शोधत असतो आणि तो तालुक्यातील कोणत्याही बागायतदाराकडे जाऊ शकतो. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेही प्रदेशाला, एका विक्रेत्याला नव्हे. अनोळखी ग्राहकांचा हा सर्वांत मोलाचा गट एजन्सीने ब्रँडमध्ये टाकला आहे.

आता हरवलेले 3,000 क्लिक. जे शोध फार थोड्या लोकांनी केलेले असतात ते गूगल गोपनीयतेसाठी यादीत दाखवत नाही. एकूण आकड्यात ते मोजले जातात, पण शोधशब्दाची कोणतीही गाळणी लावली की ते बाहेर पडतात, मग ती गाळणी ‘जुळणारे’ असो वा ‘न जुळणारे’. म्हणून “एकूण वजा ब्रँड म्हणजे ब्रँडखेरीज” असे कधीही काढू नये. त्या हिशेबाने हे सगळे न दिसणारे क्लिक नव्या ग्राहकांच्या खात्यावर चढतात. अहवालात तीन ओळी ठेवा: ब्रँड, ब्रँडखेरीज आणि न दिसणारे.

रोखठोक_पुणे

हल्ली सर्च कन्सोलमध्ये ब्रँडची गाळणी गूगलने स्वतःच दिली आहे. मग एवढा रेजेक्सचा खटाटोप कशासाठी करावा?

आकडेमोड

ती 2025 च्या अखेरीस आली आणि जेथे दिसते तेथे ताडून पाहण्यासाठी जरूर वापरावी. परंतु पुरेसे शोध नसलेल्या संकेतस्थळांना ती मिळत नाही, आणि कोणता शोध ब्रँडचा हे तेथे गूगल ठरवते. आपल्याला यादी दुरुस्त करता येत नाही. मागच्या हंगामाशी तुलना करायची असेल तर व्याख्या आपल्या हातात असलेली बरी.

नोंदवही

मी हिशेबनीस आहे, जाहिरातींतला जाणकार नाही, म्हणून एक मूलभूत शंका विचारतो. नावाने शोधणारा जुना आणि नावाशिवाय शोधणारा नवा, हे आपण कशावरून धरतो? माझ्या एका अशिलाकडे मिठाईचा व्यवसाय आहे. तेथे दिवाळीला कोणी भेट म्हणून डबा पाठवला की तो मिळालेला माणूस डब्यावरचे नाव वाचून शोध घेतो. तो नावाने येतो, पण पूर्णपणे नवा असतो. उलट जुना ग्राहक नाव विसरतो आणि “पुण्यात चांगली काजूकतली” असे शोधून परत त्याच दुकानात येतो.

माझ्या मते शोधाचे दोन भाग पाडून थांबू नये. प्रत्येक ऑर्डर ग्राहकवहीशी ताडावी. ताडताना *पैसे देणाऱ्याचा* मोबाइल क्रमांक घ्यावा. पेटी ज्याच्या घरी जाते त्याचा घेऊ नये, नाहीतर जुन्या ग्राहकाने पाठवलेल्या प्रत्येक भेटपेटीमागे एक नवा ग्राहक दिसू लागेल. क्रमांकाच्या आधीचे +91, शून्य आणि मोकळ्या जागा काढून केवळ शेवटचे दहा अंक जुळवावेत. परदेशी क्रमांक वेगळे काढावेत.

आकडेमोड

नोंदवही यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि या धाग्याचा गाभाही तेथेच आहे. अॅनालिटिक्समध्ये जो ‘नवा वापरकर्ता’ दिसतो तो बहुधा नवा ब्राउझर असतो. गेल्या वर्षी लॅपटॉपवरून मागवणारी व्यक्ती यंदा फोनवरून आली की तेथे ती नवी ठरते. नव्या ग्राहकाचा आकडा आपल्या विक्रीच्या नोंदीतूनच काढावा.

मर्यादा एवढीच की हे केवळ जाहिरातींच्या ऑर्डरींबाबत नीट साधते, कारण जाहिरातीच्या दुव्याला जोडलेले कॅम्पेनचे नाव, म्हणजे `utm_campaign`, ऑर्डरसोबत साठवता येते. विनामूल्य शोधातून आलेल्या ऑर्डरमागचा शोधशब्द कोणालाही मिळत नाही. तेथे ग्राहक प्रथम कोणत्या पानावर उतरला यावरून अंदाज बांधावा लागतो: मुखपृष्ठावर उतरलेले बहुधा नावाने आलेले, आणि ‘अस्सल हापूस कसा ओळखावा’ अशा पानावर उतरलेले बहुधा अनोळखी. हा अंदाज आहे असे अहवालात स्पष्ट लिहावे.

सिंधुदुर्गकन्या

सर्वांचे मनापासून आभार. रेजेक्स बदलल्यावर चित्र पालटले. एजन्सीच्या ब्रँडमधील 4,100 क्लिकपैकी 1,200 क्लिक रोमन लिपीतील ‘devgad’ असलेल्या शोधांचे होते, ते बाहेर गेले. उलट देवनागरीतील आणि तोडून लिहिलेल्या आमच्या नावाचे 700 क्लिक ब्रँडखेरीजमध्ये पडून होते, ते आत आले. आता ब्रँड 3,600, ब्रँडखेरीज 2,400 आणि न दिसणारे 3,000 अशा तीन ओळी आहेत.

जाहिरातींचे आकडेही मिळाले. परफॉर्मन्स मॅक्स आमच्याकडे नाही, त्यामुळे विभागणी तुलनेने स्वच्छ आहे. समजायला सोपे जावे म्हणून आकडे ढोबळ करून देते. नावाच्या कॅम्पेनवर 60,000 रुपये खर्च झाले, 750 ऑर्डर आल्या आणि विक्री 15 लाखांची झाली, म्हणजे पंचवीसपट. बाकीच्या कॅम्पेनवर 2,40,000 रुपये खर्च होऊन 300 ऑर्डर आल्या, विक्री 6 लाख, म्हणजे अडीचपट. ज्या सातपटीच्या आधारावर खर्च दुप्पट करायचा होता, ती या दोहोंपैकी कोठेच नाही.

मग पैसे देणाऱ्याच्या क्रमांकावरून मागील सर्व हंगामांच्या नोंदी ताडल्या. नावाने आलेल्या 750 पैकी 600 जुने आणि 150 नवे निघाले. नावाशिवाय आलेल्या 300 पैकी 240 नवे आणि 60 जुने. म्हणजे 1,050 ऑर्डरींमध्ये नवे ग्राहक 390 आहेत. नावाशिवायच्या जाहिरातीतून आलेला एक नवा ग्राहक आम्हाला हजार रुपयांना पडला. पेटी, गवत, वाहतूक आणि बागेचा खर्च वजा जाता सरासरी 2,000 रुपयांच्या ऑर्डरमागे आमच्या हाती सुमारे 500 रुपये राहतात.

रोखठोक_पुणे

पाहा, उत्तर समोर आले. हजार खर्चून पाचशे मिळतात. नावाशिवायच्या जाहिराती पुढच्या वर्षी बंद करा आणि तो पैसा बागेत घाला.

आकडेमोड

रोखठोक, पहिल्या ऑर्डरवर तोटा आहे हे खरे, पण हापूसचा ग्राहक दरवर्षी परत येऊ शकतो, म्हणून पहिल्या ऑर्डरवर थांबणे चुकीचे ठरेल. सिंधुदुर्गकन्या, *गेल्या* हंगामात नावाशिवायच्या जाहिरातीतून आलेल्या नव्या ग्राहकांपैकी यंदा किती जणांनी पुन्हा मागवले, एवढे वहीतून काढता येईल का?

शिवाय ब्रँडखेरीजचा गट एकजिनसी नसतो. कॅम्पेनच्या शोधशब्दांच्या अहवालात ‘हापूस भाव आज’, ‘वाशी मार्केट आंबा दर’, ‘होलसेल’ असे शोध किती आहेत ते पाहा. तो माणूस बहुधा व्यापारी, बागायतदार किंवा केवळ भावाची चौकशी करणारा असतो. ‘हापूस घरपोच पुणे’ शोधणाऱ्याला जायचे असते पेटीपर्यंत, याला जायचे असते बातमीपर्यंत.

सिंधुदुर्गकन्या

दोन्ही काढले. गेल्या हंगामातील अशा 200 नव्या ग्राहकांपैकी 70 जणांनी यंदा पुन्हा मागवले. त्यांतील बहुतेक नावाने शोधूनच आले, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या ऑर्डरचे श्रेय ब्रँडच्या ओळीत गेले आहे.

शोधशब्दांच्या अहवालात 2,40,000 पैकी 2,00,000 रुपयांचे शोध दिसतात. भाव, दर, मार्केट, होलसेल अशा शब्दांवर 80,000 रुपये गेले आणि त्यातून केवळ 20 नवे ग्राहक आले. प्रत्येकी 4,000 रुपये. उरलेल्या दिसणाऱ्या 1,20,000 रुपयांतून 180 नवे आले. प्रत्येकी सुमारे 667. न दिसणाऱ्या 40,000 मधून 40. हे पाहून मी अक्षरशः खुर्चीतून उठले, कारण महिन्याला 80,000 रुपये म्हणजे आमच्या काढणीच्या मजुरीचा मोठा भाग आहे.

आकडेमोड

आता हिशेब पूर्ण होतो. 35 टक्के ग्राहक परत येतात. परत आलेल्या ऑर्डरवर 500 रुपये सुटतात आणि तिच्यावर नावाच्या जाहिरातीचे 80 रुपये जातात, कारण 60,000 भागिले 750 म्हणजे 80. राहिले 420, आणि त्याचे 35 टक्के म्हणजे 147 रुपये. पहिल्या हंगामाचे 500 धरून दोन हंगामांत एका नव्या ग्राहकामागे सरासरी 647 रुपये मिळतात. हजार रुपयांचा ग्राहक दोन हंगामांत परवडत नाही. 667 रुपयांचा जवळजवळ परवडतो, आणि तिसऱ्या हंगामाची थोडी जोड मिळाली तर नक्की परवडतो.

म्हणून माझे मत असे की खर्च दुप्पट करू नये आणि बंदही करू नये. भावाच्या शोधांचे शब्द दोन्ही लिपींत निगेटिव्ह करावेत, ‘देवगड हापूस’ आणि घरपोचच्या शोधांवर खर्च ठेवावा आणि तेथे खर्च वाढवला तर 667 चा आकडा किती चढतो ते दर आठवड्याला पाहावे. तो चढणारच, कारण सहज मिळणारे ग्राहक आधी मिळून जातात. 700 च्या पुढे गेला की थांबावे.

नोंदवही

आकडेमोड, नावाने आलेल्या त्या 150 नव्या ग्राहकांचे काय? त्यांतील काहींनी मार्चमध्ये ‘हापूस घरपोच’ शोधून जाहिरात पाहिली असेल आणि एप्रिलमध्ये नाव आठवून परत आले असतील. तसे असेल तर नावाशिवायच्या जाहिरातीचे मोल आपण कमी धरत आहोत. ते सगळे भेटपेटीतून आले असतील तर आपला हिशेब बरोबर आहे. या दोन्ही शक्यता वहीत सारख्याच दिसतात.

आणखी एक अडचण अशी की आमच्या सोसायटीत एकच गृहस्थ दहा घरांच्या पेट्या स्वतःच्या क्रमांकावरून मागवतात. वहीत ते एक जुने ग्राहक आहेत, प्रत्यक्षात त्यांच्यामागे दरवर्षी दोन-तीन नवी घरे येतात.

आकडेमोड

पहिल्या प्रश्नाचे निश्चित उत्तर माझ्याजवळ नाही. ऑर्डर देताना “आमच्याबद्दल कोठे कळले?” असा एकच प्रश्न, चार पर्यायांसह, ऐच्छिक ठेवून विचारावा असे मला वाटते. उत्तरे अचूक नसतात, परंतु 150 पैकी बहुतेकांनी ‘भेट मिळाली’ किंवा ‘ओळखीच्यांनी सांगितले’ असे निवडले तर दिशा कळते.

रोखठोक_पुणे

मला त्या उत्तरांवर भरवसा नाही. लोक पहिला पर्याय निवडून पुढे जातात. पर्यायांचा क्रम प्रत्येक वेळी बदलत ठेवलात तर थोडा विचार करता येईल. माझे मूळ म्हणणे मात्र मी सोडलेले नाही. 750 पैकी 600 जुने ग्राहक आहेत, मग नावाच्या जाहिरातीचे ते 60,000 वाचवून पाहायला हरकत काय?

सिंधुदुर्गकन्या

हरकत नाही, आणि पुढच्या हंगामात आम्ही ते करून पाहणार आहोत, पण सगळीकडे एकदम नाही. नाशिक आणि नागपूरमध्ये तीन आठवडे नावाची जाहिरात थांबवू आणि मुंबई-पुण्यात चालू ठेवू. मोजताना जाहिरातीच्या ऑर्डर न पाहता, त्या शहरांतील जुन्या ग्राहकांच्या *सर्व मार्गांनी* आलेल्या ऑर्डर पाहू, आणि गेल्या वर्षी याच आठवड्यांत या शहरांचे मुंबई-पुण्याशी जे प्रमाण होते त्याच्याशी तुलना करू.

आकडेमोड

योजना चांगली आहे. दोन गोष्टी सांभाळा. पाडव्याचा संदेश चारही शहरांत एकाच दिवशी जाऊ द्या, नाहीतर संदेशाचा परिणाम जाहिरातीच्या नावे लागेल. आणि नागपूरला पेट्या पोहोचायला जास्त दिवस लागतात, त्यामुळे तेथील हंगाम उशिरा चढतो. नाशिक आणि नागपूर यांचे आकडे एकत्र न करता वेगवेगळे पाहा. बंद असताना आपल्या नावावर दुसऱ्या कोणाची जाहिरात येते का हे पाहण्यासाठी गूगल अॅड्समधील जाहिरात पूर्वावलोकनाचे साधन वापरा, कारण तेथे शहर निवडता येते आणि स्वतःच शोध घेत राहिल्याने आकडे बिघडत नाहीत.

सोसायटीच्या ऑर्डरींसाठी वहीत एक स्तंभ वाढवा: एका ऑर्डरमध्ये तीनपेक्षा जास्त वेगळे पत्ते किंवा पेट्या असतील तर ‘गट’. अशा ऑर्डर नव्या आणि जुन्या या दोन्हींतून बाहेर ठेवा.

सिंधुदुर्गकन्या

गटाचा स्तंभ आजच घातला; एप्रिलमध्ये अशा 40 ऑर्डर निघाल्या, त्यातील 35 नावाने आलेल्या. एजन्सीला नव्या अहवालाचा नमुना पाठवला आहे. त्यात ब्रँड आणि ब्रँडखेरीज असे खर्चाचे दोन भाग, प्रत्येकात नवे, जुने आणि गट, आणि विनामूल्य शोधाच्या तीन ओळी असतील. एकत्रित पटीचा आकडा त्यातून काढून टाकला आहे. एजन्सीने तो तळटीपेत तरी ठेवावा अशी विनंती केली आहे, त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

कोल्हापूरकर

हा नमुना येथे टाकता आला तर पाहा, ताई. मी माझ्या दुकानाचे नाव आणि कंपन्यांची नावे वेगळी करून पाहिली. दुकानाच्या नावाने येणारे जवळपास सगळे दुरुस्तीसाठी फोन नंबर शोधणारे निघाले. त्यांच्यासाठी मी जाहिरातीचे पैसे देत होतो, हे आज कळले.

सिंधुदुर्गकन्या

नक्की टाकते, काका. दुरुस्तीच्या शोधांना आपण चौथी ओळ द्यावी असे मला वाटते. ते ना नवी विक्री आहेत ना जुनी.